लुटीचा वाटा आणि कराचा हिशेब

चंगीझ खानाचा मुलगा ओगदेई १२२९ मध्ये गादीवर आला, तेव्हा मंगोल घोडेस्वार उत्तर चीनमध्ये उतरून अठरा वर्षे झाली होती. या अठरा वर्षांत त्यांनी शहरे जिंकली, रेशमाची आणि चांदीची गाडाभर लूट उत्तरेला नेली. तरीही खानाच्या कोठारात ना धान्य होते, ना कापड. आलेली लूट येताक्षणी वाटली जात होती. अशा वेळी बिएदिए नावाच्या एका दरबाऱ्याने सरळ उपाय सुचवला. या चिनी शेतकऱ्यांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. मुलूख रिकामा करावा आणि गवत वाढू द्यावे, म्हणजे घोड्यांना चराई तरी मिळेल.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या दरबारात बसलेल्या माणसांच्या दृष्टीने हे वेडेपणाचे बोलणे नव्हते. त्यांची सगळी ताकद गवतावर उभी होती. मंगोल घोडा बुटका, दणकट. दाणा न खाता जगणारा, हिवाळ्यात खुरांनी बर्फ खरवडून खालचे वाळके गवत शोधणारा. मोहिमेवर निघालेला स्वार एका घोड्यावर विसंबत नसे, बरोबर तीन-चार किंवा अधिक घोडी घेई आणि दमलेले जनावर बदलत जाई. घोडीचे दूध हेच त्याचे बरेचसे अन्न. अशा सैन्याला रसदेच्या गाड्या कमी लागत, पण कुरणे अफाट लागत. भाताची किंवा गव्हाची शेते म्हणजे त्यांच्या लेखी वाया गेलेली जमीन.

दुसरे बळ धनुष्याचे. लाकडाचा गाभा, स्वाराकडच्या बाजूला शिंगाची पट्टी, बाहेरच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे धागे, आणि हे सगळे सरसाने चिकटवून सावकाश वाळवलेले. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. त्यामुळे हे धनुष्य आखूड असूनही विलक्षण जोरात बाण सोडते आणि घोड्याच्या मानेवरून डावी-उजवीकडे सहज फिरवता येते. रिकिबीत पाय रोवून, मागे वळून, पळता पळता बाण मारण्याचा सराव मुलांना लहानपणापासून असे. खोटी माघार घ्यायची, पाठलाग करणाऱ्यांची फळी विस्कटू द्यायची आणि मग उलटायचे, हा डाव गवताळ प्रदेशातल्या टोळ्या मंगोलांच्या आधीही हजार-दीड हजार वर्षे खेळत होत्या.

मग घोडे, धनुष्य आणि डाव सगळ्याच टोळ्यांकडे असताना मंगोलांनाच एवढे यश का मिळाले? याचे उत्तर १२०२ मधल्या एका प्रसंगात सापडते. तेव्हा चंगीझ खान अजून तेमुजिनच होता आणि तातारांवर चालून निघाला होता. त्याने हुकूम काढला, की लढाई पुरती जिंकल्याशिवाय कोणीही लुटीसाठी थांबायचे नाही. लूट नंतर सर्वांची म्हणून गोळा होईल आणि वाटली जाईल. त्याच्याच नात्यातल्या तिघा मानकऱ्यांनी, आल्तान, खुचार आणि चुलता दारिताई यांनी, हुकूम मोडला. तेमुजिनने माणसे पाठवून त्यांनी बळकावलेली जनावरे आणि माल काढून घेतला. आजवर टोळीयुद्धात ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचे असे. आता वाटा ठरवणारा हात एकच उरला.

१२०६ मध्ये ओनोन नदीकाठच्या सभेत तेमुजिन चंगीझ खान झाला, तेव्हा याच विचाराने त्याने सगळा समाज नव्याने रचला. दहांची तुकडी, दहा तुकड्यांचे शतक, दहा शतकांचे सहस्र. अशी ९५ सहस्रे त्या वर्षी उभी राहिल्याची नोंद मंगोलांच्या स्वतःच्या इतिहासग्रंथात आहे. जुन्या, हरलेल्या टोळ्यांची माणसे फोडून वेगवेगळ्या सहस्रांत विखुरली. आपली तुकडी सोडून दुसरीत जाणाऱ्याला मृत्युदंड. सरदारांची मुले खानाच्या खास पहाऱ्यात घेतली. ती त्याची सेवकही झाली आणि ओलीसही. मात्र हा सांगाडा एका अटीवर टिकून होता. मोहीम यशस्वी झाली पाहिजे आणि प्रत्येकाला त्याचा वाटा मिळाला पाहिजे. पुढे राज्य करताना मंगोलांना सर्वांत जास्त छळले ते याच अटीने.

चीनच्या उत्तरेकडे तेव्हा जिन घराण्याचे राज्य होते. हे राजे जुर्चेन, म्हणजे मांचुरियातून आलेले; प्रजा बहुतांश चिनी. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या शिरगणतीत लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास भरते. मंगोल सगळे मिळून दहा लाखही नसावेत. १२११ मध्ये चंगीझ खानाने स्वारी केली आणि उघड्या मैदानात जिन फौज मोडली. पण तटबंदी असलेल्या शहरांपुढे घोडा थांबतो. पहिली काही वर्षे मंगोल येत, मुलूख उजाड करीत आणि परत जात. घाट नि ठाणी पुन्हा जिनांच्या हाती पडत. फरक पडला तो फितुरीने. खितान हे लोक एके काळी याच प्रदेशाचे राजे होते, त्यांना जिनांनीच पदच्युत केले होते. ते मोठ्या संख्येने मंगोलांकडे आले. पाठोपाठ चिनी सरदार आले, आणि त्यांच्याबरोबर दगडफेकी यंत्रे बांधणारे, तटाखाली सुरुंग खणणारे कारागीर आले. १२१५ मध्ये जिनांची मधली राजधानी झोंगदू, म्हणजे आजचे बीजिंग, पडली. ती उपासमारीने खंगली होती. आत माणसे माणसांना खात होती, अशा नोंदी आहेत.

त्या वेढ्यात एक तरुण अधिकारी अडकला होता. त्याचे नाव येलू चूत्साई. जन्माने खितान राजघराण्यातला, शिक्षणाने पक्का चिनी पंडित, ज्योतिषही जाणणारा. १२१८ मध्ये चंगीझ खानाने त्याला बोलावून घेतले. उंच बांधा, घनगंभीर आवाज आणि छातीवर रुळणारी दाढी. खान त्याला 'लांब दाढीवाला' अशाच अर्थाच्या मंगोल नावाने हाक मारू लागला. तुझ्या पूर्वजांचे राज्य जिनांनी घेतले, मी त्याचा सूड घेतला, असे खान म्हणाला. चूत्साईने उत्तर दिले, की माझे वाडवडील जिनांचे चाकर होते. चाकराने धन्याशी वैर कसे धरावे? खानाला हे उत्तर आवडले. निष्ठा हा त्याचा स्वतःचा आवडता गुण होता.

दरबारात एक धनुष्य घडवणारा होता, त्याची खानावर मर्जी होती. हे राज्य लढाईवर चालते, तिथे या पंडिताचे काय काम, असे तो चारचौघांत म्हणाला. चूत्साईने त्याला विचारले, की धनुष्य घडवायला जाणता कारागीर लागतो, तर राज्य चालवायला राज्याचा कारागीर नको का?

१२२९ च्या दरबारात चराईचा प्रस्ताव आला तेव्हा चूत्साई दयाधर्मावर बोलला नाही. त्याने आकडे मांडले. जमिनीवरचा कर, व्यापारावरचा कर, मीठ, दारू, लोखंडाच्या भट्ट्या, डोंगर आणि पाणथळीतले उत्पन्न हे सगळे रीतसर गोळा केले, तर वर्षाला ५ लाख लियांग चांदी (एक लियांग म्हणजे साधारण साडेतीन तोळे), ८० हजार थान रेशीम आणि ४ लाखांहून अधिक मापे धान्य मिळेल. यातले एक माप साधारण आपल्या एका पोत्याएवढे. मग ही माणसे निरुपयोगी कशी? ओगदेईला दक्षिणेकडची मोहीम चालवायची होती, पैसा हवाच होता. तो म्हणाला, करून दाखव.

चूत्साईने उत्तर चीनमध्ये दहा करवसुली कचेऱ्या उभ्या केल्या. प्रत्येक कचेरीवर दोन अधिकारी नेमले, आणि ते बहुतेक जिन राजवटीतले जुने शिकलेले चिनी कारकून-अधिकारी होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याने तीन कामे एकमेकांपासून तोडली. गावकारभार नागरी अधिकाऱ्यांकडे, फौज सेनापतीकडे, आणि कराचा पैसा या नव्या कचेऱ्यांकडे. त्यात कुठल्याही बड्या माणसाने हात घालायचा नाही. आजवर एकाच ठाणेदाराच्या हाती तलवार, न्याय आणि वसुली असे. तो हवे तेवढे उकळी आणि खानाला वाटेल तेवढे पाठवी. साहजिकच हे ठाणेदार चूत्साईच्या जिवावर उठले, त्याच्याविरुद्ध खानाच्या चुलत्याकडे कागाळ्या गेल्या. ओगदेईने त्या बाजूला सारल्या.

१२३१ च्या शरद ऋतूत ओगदेई युनझोंगला मुक्कामाला होता. दहाही कचेऱ्यांनी धान्याच्या वह्या, चांदी आणि रेशीम त्याच्यासमोर आणून मांडले. आकडे चूत्साईने दिलेल्या शब्दाशी जुळत होते. त्याच दिवशी खानाने त्याला सचिवालयाचा मुख्य केले.

दोन वर्षांनी कसोटीचा प्रसंग आला. जिनांची शेवटची मोठी राजधानी काइफेंग १२३३ मध्ये हाती आली. जे शहर शरण न येता लढेल त्याची कत्तल करायची, हा मंगोल रिवाज होता, आणि सेनापती सुबुताईने तशी परवानगी मागितली. चूत्साई घाईने खानाकडे गेला. जमीन मिळवायची आणि माणसे गमवायची, तर त्या जमिनीचे करायचे काय, असे त्याने विचारले. तरीही ओगदेई अडखळत होता. तेव्हा चूत्साईने त्याच्या कळीच्या जागी बोट ठेवले. साम्राज्यातले उत्तमोत्तम कारागीर आणि सधन घराणी या शहरात गोळा झाली आहेत. ती मारली तर हाती काही लागणार नाही. कत्तल फक्त जिन राजकुळापुरती राहिली. चिनी इतिहासकार वाचलेल्यांची संख्या १४ लाख ७० हजार देतात. आकडा फुगवलेला असू शकतो, कारण युद्धामुळे आसपासचे लोकही तटाच्या आत आले होते. पण शहर वाचले, यात शंका नाही.

आता खरी अडचण समोर आली. १२३४ मध्ये जिन राज्य संपले आणि पुढच्या दोन वर्षांत मंगोलांनी घरांची मोजणी केली. नव्या वहीत वीस लाखांहून कमी घरे भरली. जिनांच्या काळात ती सत्तर-ऐंशी लाखांच्या घरात होती. सगळी कमी झालेली माणसे मेलेली नव्हती. बरीच दक्षिणेला पळाली होती, बरीच लपली होती, आणि बरीच मंगोल सरदारांनी गुलाम म्हणून आपल्याकडे दडवून ठेवली होती. मोजणी होताच राजकुळातले भाऊबंद आणि पराक्रमी सरदार पुढे आले. त्यांच्या दृष्टीने उत्तर चीन ही चंगीझच्या घराण्याने मिळून मिळवलेली लूट होती, आणि लुटीचे वाटे पडतातच. १२३६ मध्ये ओगदेईने जिल्हेच्या जिल्हे वाटून टाकले.

चूत्साईने हरकत घेतली. असे केल्याने भाऊबंदांत तेढ होईल, त्यापेक्षा त्यांना सोने आणि कापड द्या. ओगदेई म्हणाला, मी शब्द दिला आहे. मग तोड निघाली. वाटा त्या त्या मानकऱ्याचा राहील, पण तिथला अधिकारी दरबार नेमेल आणि दरबाराच्या हुकमाशिवाय कोणी वसुली करायची नाही. दर दोन घरांमागे एक चिनी शेर, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम, रेशीम सरकारला. आणि दर पाच घरांमागे तेवढेच रेशीम वाटेकऱ्याला. मंगोल राज्यकारभाराची सगळी कहाणी या व्यवस्थेत दिसते. घराण्याचा हक्क मान्य केला, आणि त्याचे रूपांतर हळूच वर्षासनात केले.

कागदावर हे उत्तम होते. प्रत्यक्षात वाटेकरी ऐकत नसत, आणि मोहिमांचा खर्च वाढत होता. १२३९ मध्ये अब्द-अल-रहमान नावाच्या मध्य आशियाई व्यापाऱ्याने दरबारात बोली लावली. उत्तर चीनची वसुली मला मक्त्याने द्या, सध्या ११ लाख लियांग येतात, मी २२ लाख देतो. चूत्साई रडकुंडीला येऊन भांडला. दुप्पट रक्कम कुठून येईल? गावे पिळूनच. ओगदेई वैतागून म्हणाला, आता काय मारामारी करणार आहेस? प्रयोग करून पाहू. दहा वर्षांपूर्वी याच शब्दांनी चूत्साईला संधी मिळाली होती. आता तीच संधी मक्तेदाराला मिळाली. शेतकऱ्यांनी व्याजाने चांदी काढून कर भरले, कर्जापायी बायकामुले विकली. १२४१ मध्ये ओगदेई वारला, राणी तोरेगेनेने कारभार हाती घेतला आणि चूत्साईचे वजन संपले. १२४३ च्या सुमारास तो गेला. इतकी वर्षे खजिना हाताळणाऱ्याने निम्मी संपत्ती घरात भरली असेल, असा आरोप झाला आणि घराची झडती झाली. सापडली ती दहा-बारा तंतुवाद्ये, चित्रे आणि काही हजार ग्रंथ.

मक्त्याचा परिणाम कसा ओळखायचा? घरांच्या वहीवरून. शिंगजोउ नावाचा जिल्हा दोन मंगोल मानकऱ्यांना वाट्याला आला तेव्हा तिथे दहा हजारांवर घरे होती. १२५० च्या आसपास ५०० ते ७०० उरली. जितकी घरे पळत, तितका उरलेल्यांवरचा बोजा वाढे, आणि मग तीही पळत. या मानकऱ्यांनीच अखेर ओगदेईचा पुतण्या कुबलाई याच्याकडे धाव घेतली. कुबलाईने तीन होतकरू अधिकारी पाठवले, त्यांनी लाचखाऊ माणसे हाकलली, कर ठरवून दिला आणि पळालेली घरे परतू लागली. पुढे १२६० मध्ये कुबलाई स्वतः खान झाला, त्याने चांदीच्या आधारावर कागदी नोटा काढल्या, १२७१ मध्ये घराण्याला युआन हे चिनी नाव घेतले आणि १२७९ पर्यंत दक्षिण चीनही जिंकला. पण राज्य चालते ते मोजलेल्या घरांवर, हे त्याला शिंगजोउमध्येच कळले असणार, असे मानायला जागा आहे.

हाच धडा मंगोलांच्या दुसऱ्या शाखेला, इराणमध्ये, पन्नास वर्षे उशिरा शिकावा लागला. तिथे प्रांतांवर वराता काढून वसुली चाले, एकाच वर्षात तोच कर अनेकदा मागितला जाई. १२९२ च्या सुमारास यझ्दजवळच्या फिरोजाबाद गावात आपला वसूल घ्यायला गेलेल्या जमीनमालकाला गावकरी भेटलेच नाहीत. भेटले ते इतर वरातदार, आणि गावकरी कुठे लपलेत हे सांगावे म्हणून त्यांनी दोरीला टांगून बडवलेली दोन-तीन माणसे. १२९४ मध्ये इल्खान गैखातूने रिकामी तिजोरी भरण्यासाठी चीनच्या नमुन्याच्या नोटा तब्रीझच्या बाजारात आणल्या. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली, बाजार ओस पडला आणि दोनेक महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. चीन-इराणमधल्या या चलनाच्या वार्ता पुढे दिल्लीपर्यंत पोहोचल्या असाव्यात. मुहम्मद तुघलकाने १३३० च्या सुमारास काढलेली चांदीच्या मोलाची पितळी-तांब्याची नाणी, त्यांतली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतली, त्याच धाटणीचा प्रयोग होता आणि तोही तसाच फसला.

१२९५ मध्ये गादीवर आलेला गाझान खान मुसलमान झाला होता, पण त्याचे मंगोल सरदार लुटीच्या सवयीचेच होते. त्याचा वजीर रशीदुद्दीन सांगतो, की गाझानने त्यांना बोलावून स्पष्ट विचारले. मी काही या इराणी रयतेची बाजू घेत नाही. लुटणेच फायद्याचे असेल तर माझ्याइतका समर्थ लुटारू कोणी नाही. चला, मिळून लुटू. पण त्यानंतर माझ्याकडे पगार आणि दाणागोटा मागायला आलात, तर मी तो आणू कुठून? रयतेचे बैल आणि बियाणे तुम्ही काढून घेतले, तर पुढच्या वर्षी खाल काय? सत्तर वर्षांपूर्वी चूत्साईने जे परक्या खानाला पटवले, ते आता खान स्वतःच्या माणसांना पटवत होता.

गाझानने प्रत्येक गावाचा कर ठरवला, भरण्याच्या मुदती बांधल्या, आणि ही यादी दगडावर, लाकडावर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरून गावात लावायला सांगितली, म्हणजे वसुलीदाराला आकडा बदलता येऊ नये. वजनेमापे एकसारखी केली. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला करात सूट दिली. १३०३ मध्ये सैनिकांना पगाराऐवजी जमिनीचा वसूल नेमून दिला. त्यामुळे जो स्वार शेत तुडवायचा, त्यालाच आता पीक उभे राहावे असे वाटू लागले. रशीदुद्दीन या सुधारणांचा कर्ता-करविता होता, त्यामुळे त्याची स्तुती जपून घ्यावी लागते. पण हमदुल्ला मुस्तौफी या हिशेबनीसाने दिलेला आकडा बोलका आहे. गाझानपूर्वी १ कोटी ७० लाख दिनार असलेला वसूल त्याच्या काळात २ कोटी १० लाखांवर गेला. मंगोलपूर्व सेल्जुक काळात तो याच्या कैक पट होता, हेही मुस्तौफीच नोंदवतो. उजाड केलेला मुलूख इतक्या लवकर भरत नाही.

लुटीच्या वाट्याचा हक्क मात्र कुठेच पुरता मोडला नाही. इराणमध्ये १३३५ नंतर वारसावरून सरदार भांडले आणि राज्य फुटले. चीनमध्ये प्रत्येक नव्या सम्राटाला गादीवर येताना भाऊबंदांना चांदी-रेशमाच्या भेटी द्याव्या लागत, कारण मंगोल सभेने निवडलेला खान असाच खान ठरतो. १३०७ मध्ये खैशान सम्राट झाला तेव्हा कबूल केलेल्या भेटींची पूर्ण रक्कम तिजोरीत नव्हती. तूट भरायला नोटा छापल्या गेल्या, आणि शतकाच्या मध्यावर त्या नोटांनी धान्य घेणे कठीण झाले. १३६८ च्या सप्टेंबरात मिंग सैन्य जवळ येताच शेवटचा युआन सम्राट तोगोन तेमूर राजधानी सोडून उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात निघून गेला. मिंगांनी त्याचा पाठलाग केला, पण त्याच्या घराण्याने आखलेली प्रांतांची मोठी विभागणी बऱ्याच अंशी तशीच ठेवली, आणि आजच्या चीनमधल्या अनेक प्रांतांचे मूळ तिथपर्यंत जाते.